लिननचा कुर्ता, कॅम्ब्रिकचं अस्तर: बेतण्याआधी कापड किती आटतं हे कसं मोजलं

भाचीने आयुष्यातला पहिला कपडा शिवायला घेतला आणि निवडला तो थेट अस्तर लावलेला लिननचा कुर्ता. मी तिला आधी पायजमा सुचवला होता, पण हौसेपुढे कोणाचं चालतं? बाहेरून फिकट निळं लिनन, आतून पांढरं कॅम्ब्रिक. तिच्या अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता होता, त्यावरून कागदावर माप उतरवून घेतलं. उंची 42 इंच, तयार छाती 40 इंच (अंगाची 36, वर चार इंच सैल), पाऊण बाही. अस्तर फक्त अंगाला, बाहीला नाही, आणि खालच्या कडेला कुर्त्यापेक्षा एक इंच आखूड, म्हणजे ते बाहेर डोकावणार नाही.

मग तिचा प्रश्न आला, "मावशी, किती मीटर आणू?"

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. दुकानात मीटरने मिळतं ते कापड आणि पहिल्या धुण्यानंतर हातात राहतं ते कापड, ही दोन वेगवेगळी मापं असतात. इथे तर एका कपड्यात दोन कापडं होती आणि ती दोन्ही सारखीच आटतील असं समजायला काही आधार नव्हता. म्हणून पूर्ण कापड घेण्याआधी दोन्हींचा अर्धा-अर्धा मीटर आणायचं ठरलं.

इंदूरला राजवाड्याजवळच्या एम. टी. क्लॉथ मार्केटात अर्धा मीटर कापड मागितलं तर दुकानदार जरा तोंड वाकडं करतो, पण देतो. लिनन दाखवताना तो म्हणाला, "प्री-श्रंक है, सीधा काट लो." तो खोटंच बोलत होता असं मी म्हणणार नाही. कापड न आटणारं करण्याची पद्धत खरोखर आहे. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने 1930 च्या सुमारास ती काढली आणि त्याच्या नावावरून तिला सॅनफोरायझिंग म्हणतात. त्यात कापड यंत्रात उभ्या दिशेने आधीच दाबून आखूड करतात. अशा कापडाचं पुढचं आटणं साधारण एका टक्क्याच्या आत राहतं. पण "प्री-श्रंक" हा शब्द दुकानात फार सैलपणे वापरला जातो. कारखान्यात एकदा पाण्यातून काढलं तरी प्री-श्रंक, आणि नुसतं वाफेखालून नेलं तरी प्री-श्रंकच. म्हणून शब्द ऐकून घ्यायचा आणि माप आपलं आपण घ्यायचं. दुकानातून निघण्याआधी आम्ही त्या थानाच्या चिठ्ठीवरचा नंबर लिहून घेतला आणि चार-पाच दिवस ते थान बाजूला ठेवायला सांगितलं. एकाच रंगाच्या, एकाच दराच्या दोन थानांचं आटणं वेगळं असू शकतं. तुकडा एका थानाचा तपासून कापड दुसऱ्या थानातून आणलं तर तपासणीचा उपयोग उरत नाही.

कापड का आटतं?

नव्या माणसाला वाटतं की पाण्याने धागाच आखूड होतो. सुती आणि लिननच्या बाबतीत तसं फार थोडं घडतं. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, ताठ ओढून धरलेले असतात. विणून झाल्यावरही धुलाई, रंगाई, गुंडाळणी या सगळ्यात कापड उभ्या दिशेनेच ओढलं जातं. शिवाय पन्हा ठरलेला भरावा म्हणून स्टेंटर नावाच्या यंत्रात दोन्ही काठ पकडून ते आडवंही ताणून सुकवतात. लिननच्या काठाशी बारीक भोकांची सरळ रांग दिसली तर ती त्या यंत्राच्या टाचण्यांची असते. अशा ताणलेल्या अवस्थेतच कापड वाळतं आणि तसंच थानावर बसतं.

घरी पहिल्यांदा भिजलं की दोन गोष्टी होतात. पाण्यामुळे तंतू एकमेकांवरून सरकू लागतात आणि अडकून पडलेला ताण सुटतो. त्याच वेळी धागे पाणी पिऊन जाड होतात. जाड झालेल्या आडव्या धाग्याच्या वरून-खालून जायला उभ्या धाग्याला जास्त वळसा घ्यावा लागतो. धाग्याची लांबी तीच राहते, पण वळसे वाढले की कापड आखूड होतं. वाळल्यावर धागे पुन्हा बारीक होतात, वळसे मात्र बऱ्याच अंशी तसेच राहतात. म्हणूनच कापड बहुधा लांबीत जास्त आणि पन्ह्यात कमी आटतं, आणि म्हणूनच दोन्ही दिशांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. "हे कापड पाच टक्के आटतं" या वाक्याला दिशा सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

कॅम्ब्रिकमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे खळ. दुकानात ते कडक, गुळगुळीत लागतं ते पुष्कळ अंशी खळीमुळे. खळ धाग्यांना जागच्या जागी चिकटवून ठेवते आणि पाणीही पटकन आत जाऊ देत नाही. नुसतं बुडवून काढलेलं खळीचं कापड कुठे भिजतं, कुठे कोरडं राहतं, आणि मग आटतंही तसंच, कुठे जास्त कुठे कमी.

खुणा

दुकानातून आणलेले दोन्ही तुकडे रात्रभर टेबलावर सपाट उलगडून ठेवले. थानावर घट्ट गुंडाळलेलं कापड थोडं ताणलेलं असतं, त्याला सैल व्हायला वेळ हवा. तुकडा कापतानाच काठाच्या समांतर दिशेला "उभा" म्हणून धाग्याची एक गाठ मारून ठेवली होती. धुतल्यावर, विशेषतः काठ नसलेल्या तुकड्यात, उभं कुठलं आणि आडवं कुठलं हे नवख्याला ओळखू येत नाही.

लिनन फार सुटतं. कडा तशाच सोडून मशीनमध्ये टाकलं तर बोट-दोन बोटं कापड झिरमिळ्या होऊन जातं आणि त्या धाग्यांच्या गुंत्यात तुकडा आवळला जातो. भाचीच्या मशीनला झिगझॅग टाका होता, तो चारी कडांना मारून घेतला. तो नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात पिको-इंटरलॉक करून मिळतं.

मग प्रत्येक तुकड्यावर 40 सेंटिमीटरचा चौकोन आखला. कडेपासून निदान चार-पाच सेंटिमीटर आत, कारण कडेशी आणि काठाशी कापड वेगळं वागतं. आमच्या धंद्यात सगळं इंचात चालतं, पण या कामाला सेंटिमीटरच बरे, टक्के काढायला सोपे पडतात. भाचीने विचारलं की एवढा मोठा चौकोन कशाला, दहा सेंटिमीटरचा पुरणार नाही का. नाही पुरणार. मोजताना मिलिमीटरभर चूक कोणाचीही होते. दहा सेंटिमीटरवर ती एक मिलिमीटर म्हणजे थेट एक टक्का. चाळीसवर तीच चूक पाव टक्का होते.

खुणा खडूने किंवा पेनने केल्या नाहीत. खडू पहिल्याच पाण्यात जातो आणि पेनाची शाई पसरून खुणेची रेघ जाड होते. गडद पॉलिस्टर धाग्याचा एकेकच बारीक टाका घेऊन, सैल गाठ मारून ठिपके केले. पॉलिस्टर अशासाठी की तो धागा पाण्यात आटत नाही. आणि सलग धावदोरा घालायचा नाही, कारण तो कापडाला धरून ठेवतो आणि त्याच्या आटण्यात अडथळा आणतो. प्रत्येक दिशेला तीन ठिकाणी जोड्या केल्या: दोन्ही बाजूंना एकेक आणि मध्ये एक. प्रयोगशाळेतही प्रत्येक दिशेला अशा तीन जोड्या घेऊन सरासरी काढतात. शेवटी लिननच्या तुकड्याला पांढऱ्या जुन्या सुती कापडाची एक चिंधी टाचली. निळ्याचा रंग पांढऱ्या अस्तरावर उतरतो की नाही, ते त्याच धुण्यात कळणार होतं.

धुणं

तपासणीचं धुणं कसं असावं याचं उत्तर एकच आहे: कपडा तयार झाल्यावर घरात जसा धुतला जाणार, तसं. भाचीकडे वरून कपडे टाकायचं मशीन आहे, पाणी नळाचं, वाळवणं दोरीवर. हाताने गार पाण्यात हलकेच खळबळून तुकडा तपासला असता आणि पुढे कुर्ता मशीनमध्ये टाकला असता, तर आकडे निरुपयोगी ठरले असते. मी फक्त एक पायरी कडक केली. पहिलं धुणं 40 अंशांच्या कोमट पाण्यात केलं, कारण घरात कधीतरी कोणीतरी गरम पाण्याचं बटण दाबतंच. ड्रायरचा प्रश्न इथे नव्हता. पण कुर्ता परदेशातल्या बहिणीसाठी असता, तर तुकडा ड्रायरमध्येच वाळवायला लागला असता. गरम हवेत उलटंपालटं होताना कापड आणखी आखडतं, आणि दोरीवरच्या मापावरून त्याचा अंदाज येत नाही.

कॅम्ब्रिकचा तुकडा आदल्या रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी पाणी गढूळ आणि बोटांना बुळबुळीत लागत होतं, ती सुटलेली खळ. लिनन अर्धा तास भिजवलं तेवढं पुरलं. त्यात फुगे उरले नाहीत आणि सगळीकडे सारखा गडद रंग आला, म्हणजे पाणी सगळीकडे पोचलं.

मशीन थोड्याच कपड्यांनी भरलं. लिनन कोंबून धुतलं की ओल्या घड्या पडतात आणि त्या घड्यांच्या कडा घासल्या जाऊन रंगीत कापडावर पांढुरक्या रेघा उठतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. पिळणंही कमी वेळाचं ठेवलं.

वाळवताना नवखी माणसं हटकून चुकतात. ओलं लिनन जड असतं. एका टोकाला चिमटा लावून लटकवलं तर स्वतःच्या वजनाने ते खाली ओढलं जातं, तसंच वाळतं, आणि मग मोजलं की वाटतं, अरे, हे तर आटलंच नाही! ते आटलेलं असतं, फक्त पुढच्या धुण्यापर्यंत लपलेलं असतं. आम्ही तुकडे सावलीत जुन्या चादरीवर सपाट पसरून वाळवले. इस्त्रीतही तीच काळजी. इस्त्री पुढे ढकलत नेली तर वाफाळलेलं लिनन लांबतं. म्हणून ती उचलायची, ठेवायची, दाबायची, पुन्हा उचलायची. आणि इस्त्रीनंतर लगेच मोजायचं नाही, तास-दोन तास कापड मोकळं पडू द्यायचं.

आकडे

प्रत्येक आकडा तीन जोड्यांची सरासरी आहे. सुरुवातीचं माप सगळीकडे 40 सेंटिमीटर.

| कापड | दिशा | पहिल्या धुण्यानंतर | दुसऱ्यानंतर | तिसऱ्यानंतर | एकूण आटणं |
|---|---|---|---|---|---|
| लिनन | उभी | 37.9 | 37.4 | 37.4 | 6.5 टक्के |
| लिनन | आडवी | 39.0 | 38.8 | 38.8 | 3 टक्के |
| कॅम्ब्रिक | उभी | 38.6 | 38.6 | – | 3.5 टक्के |
| कॅम्ब्रिक | आडवी | 39.2 | 39.2 | – | 2 टक्के |

टक्के काढायची रीत अशी: आधीच्या मापातून नंतरचं वजा करायचं, आलेल्या फरकाला आधीच्या मापाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. लिननच्या उभ्या दिशेत 40 मधून 37.4 गेले, उरले 2.6. त्याला 40 ने भागून शंभराने गुणलं की 6.5.

या तक्त्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लिननचा दुसरा आकडा. पहिल्या धुण्यात ते सव्वापाच टक्के आटलं आणि दुसऱ्यात आणखी सव्वा टक्का. "एकदा धुतलं की झालं" असं सगळीकडे सांगितलं जातं, ते या कॅम्ब्रिकला लागू पडलं, या लिननला नाही. 42 इंचांच्या कुर्त्यात तो सव्वा टक्का म्हणजे अर्धा इंच. किती वेळा धुवायचं याचा माझा नियम असा की लागोपाठ दोन धुण्यांत माप तेच आलं की थांबायचं. लिननला त्यासाठी तिसरं धुणं लागलं, पण त्यात नवीन काही आटलं नाही. म्हणजे मूळ कापडाला दोन धुणी पुरेशी होती.

चिंधीवर निळ्याची अगदी पुसट झाक पहिल्या धुण्यात आली, नंतर नाही. म्हणजे सुटा रंग होता तो निघून गेला.

आणखी एक गोष्ट दिसली, ती चौकोनाचे कर्ण मोजले म्हणून. कॅम्ब्रिकच्या बाजू ठीक होत्या, पण एक कर्ण 56 सेंटिमीटरच्या जवळ आणि दुसरा 54 च्या जवळ भरला. चौकोन काटकोनात असता तर दोन्ही 55 आले असते. याचा अर्थ कापड तिरकं होतं: आडवे धागे उभ्यांशी काटकोन करत नव्हते. कारखान्यात ते ओढून सरळ दाखवलेलं होतं आणि पाण्यात आपल्या मूळ तिरकेपणावर आलं. असं कापड न धुता बेतलं तर कपडा पहिल्या धुण्यानंतर अंगावर पिळतो आणि बाजूची शिवण पोटाकडे सरकते. मग लोक शिवणाऱ्या बाईला बोल लावतात.

न धुता कापलं असतं तर

हे भाचीला पटवायला मी कागदावर हिशेब करून दाखवला. समजा, दुकानदाराचं ऐकून दोन्ही कापडं सरळ कापली. लिनन 42 इंच, अस्तर एक इंच आखूड म्हणजे 41. कुर्ता छान शिवून झाला. दोन धुणी झाली. लिननचं 42 चं झालं 39.3 इंच. अस्तराचं 41 चं झालं 39.6. जे अस्तर इंचभर आत होतं ते आता पाव इंचाहून जास्त बाहेर लोंबतंय. शिवाय कुर्ता पावणेतीन इंचांनी आखूड. आणि अस्तर खालच्या कडेला कुर्त्याशी जोडलेलं असतं तर ते बाहेर न येता आत गोळा झालं असतं आणि लिननची खालची कड फुगली असती.

छातीत फरक कमी, पण जाणवणारा. 40 चं 38.8 झालं असतं. ऐकायला सव्वा इंचही नाही, पण सैल होतं तेच मुळी चार इंच. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला की हात पुढे केल्यावर पाठीत कुर्ता ओढतो.

दोन्ही कापडं सारखीच आटली असती तर कुर्ता नुसता लहान झाला असता. कोणा धाकट्या बहिणीला देता आला असता. वेगवेगळी आटली की कपड्याचा आकारच बिघडतो आणि तो दुरुस्त करायला सगळं उसवावं लागतं. अस्तर, पाइपिंग, योक, खिसा, जिथे एकाला दुसरं कापड शिवलं जातं तिथे तिथे हाच धोका.

किती मीटर?

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे वळता आलं. लिननचा पन्हा 58 इंच, आटून राहणार 56 आणि वर थोडा. पुढचा आणि मागचा भाग घेरासकट 26-26 इंच रुंद होते, म्हणजे 52. आटलेल्या पन्ह्यातही ते शेजारी शेजारी बसत होते. हे आधी तपासायचं असतं, कारण काही वेळा लांबीला कापड पुरतं आणि पन्ह्यात दोन इंच कमी पडून सगळी मांडणी कोसळते. लांबी अशी: अंगाला दुमड आणि शिलाईसकट साडेचव्वेचाळीस, खाली बाह्यांना वीस, टोकं सरळ करायला दोन. एकूण साडेसहासष्ट इंच. हे लागणारं कापड, धुतल्यानंतरचं.

आणायचं किती हे काढताना बहुतेक जण यात साडेसहा टक्के मिळवतात. ती रीत चुकीची आहे, कारण आटणं विकत घेतलेल्या लांबीवर मोजलेलं असतं, उरलेल्या लांबीवर नाही. शंभर इंच आणले तर साडेत्र्याण्णव उरतात, म्हणून भागायचं 0.935 ने. साडेसहासष्ट भागिले 0.935 म्हणजे 71 इंच, साधारण 1.81 मीटर. या कुर्त्यात दोन रीतींमधला फरक पाव-तिसरा हिस्सा इंचाचाच आहे, पण दहा टक्के आटणारं हातमागाचं कापड सहा मीटर घ्यायचं असेल तर तो अडीच इंचांच्या आसपास जातो. आम्ही दोन मीटर लिनन घेतलं.

अस्तराचा पन्हा 44, आटून 43. त्यात 26 चे दोन भाग शेजारी बसत नाहीत, म्हणून एकाखाली एक. साडेत्रेचाळीसचे दोन आणि सरळ करायला दोन, मिळून 89 इंच. भागिले 0.965, आलं 92, म्हणजे 2.34 मीटर. अडीच मीटर आणलं.

मूळ कापड

तपासणी झाली होती तरी मूळ कापड धुतल्याशिवाय कापायचं नव्हतंच. तुकड्याने फक्त सांगितलं की किती आणायचं, किती वेळा धुवायचं आणि काय वाढून ठेवलंय. दोन्ही कापडांची टोकं झिगझॅग केली, आणलेली लांबी-रुंदी कागदावर लिहिली, अस्तर रात्रभर भिजवलं, दोन्ही वेगवेगळी धुतली. लिनन दोनदा, मधे पूर्ण वाळवून. ओलं असतानाच लगेच दुसऱ्यांदा धुतलं तर ते दुसरं धुणं धरत नाहीत, कारण वाळतानाही कापड आपली जागा घेत असतं.

दोन मीटर लिनन सपाट पसरायला घरात जागा नसते. गच्चीत सावलीच्या बाजूला दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधून त्यांवर ते आडवं टाकलं, म्हणजे वजन विभागलं गेलं आणि लांबीत ओढ बसली नाही. थोडं दमट असतानाच काढून इस्त्री केली. पूर्ण कोरड्या लिननच्या सुरकुत्या काढणं म्हणजे शिक्षा आहे.

मोजल्यावर 200 सेंटिमीटरचं एकशे साडेसत्याऐंशी उरलं. तुकड्यावरून 187 ची अपेक्षा होती. एवढा फरक चालतो. दीड-दोन टक्क्यांचा फरक आला असता तर मी पुन्हा धुवायला लावलं असतं किंवा थान तेच आहे का हे तपासलं असतं.

अस्तराचा तिरकेपणा काढायचा होता. टोकाशी एक आडवा धागा उपसून काढला. तो निघाला की कापडात बारीक रेघ दिसते, त्या रेघेवर कापलं की टोक धाग्याला धरून सरळ होतं. मग कापड काठाला काठ लावून दुमडलं, तर टोकं जुळेनात. पाणी शिंपडून दोघींनी समोरासमोरचे आखूड कोपरे धरले आणि उरेब दिशेला हळूहळू ओढत गेलो, हातभर पुढे सरकत. टोकं जुळल्यावर तसंच दाबून इस्त्री केली. धुतलेल्या, खळ गेलेल्या कापडातच हे जमतं. काही छापील कापडांमध्ये धागे राळेने पक्के केलेले असतात. ती कितीही ओढली तरी सरळ होत नाहीत, तिथे छपाई धरून बेतायचं की धागा धरून, एवढीच निवड उरते.

खळ गेल्यावर कॅम्ब्रिक पातळ, मऊ झालं. भाची हिरमुसली, म्हणाली, "हे तर वेगळंच कापड आलं." अंगाला लागणारं कापड हेच. उलट त्यातून किती आरपार दिसतं हे शिवण्याआधीच कळलं.

गळ्याच्या पट्टीला चिकटवायच्या सुती फ्युजिंगचं लोक विसरतात. तेही विणलेलं असतं आणि आटतं. लिनन आटवून घेतलं आणि फ्युजिंग कोरंच चिकटवलं, तर पहिल्या धुण्यात आतलं आखडतं आणि गळ्यावर फोड आल्यासारखे फुगे उठतात. मशीनमध्ये मात्र ते टाकायचं नाही, डिंक जातो. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून, न पिळता टॉवेलवर पसरून वाळवलं. शिवायला पॉलिस्टरचा धागा घेतला. सुती धागा घेतला असता तर तो पुढे आटून शिवण चुण्यांची झाली असती.

यानंतर भाचीने महेश्वरी कापड आणलं आहे आणि तिला तेही दोनदा मशीनमध्ये फिरवायचं आहे. ते मी अडवून धरलं आहे. पारंपरिक महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुती. दोन दिशांना दोन वेगळे तंतू, त्यामुळे लिननच्या आकड्यांवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि मशीनच्या घुसळणीत रेशमाची चमक जाते. त्याचा 40 सेंटिमीटरचा चौकोन आखून झालाय. तो गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुतला जाईल, आणि पुढे कपडाही तसाच धुवायचा हे आधी तिच्या घरच्यांकडून कबूल करून घ्यायचं आहे. कबूल झाले नाहीत तर तो ड्रायक्लीनचाच कपडा. मग पाणी न लावता वाफेची इस्त्री फिरवून माप घ्यायचं.